खोबरेल, मोहरीचं तेल, शेंगदाणा तेल: चमच्यामागे कॅलरी खरंच वेगवेगळ्या असतात का?

सुमेधा_पुणे | २ डिसेंबर

नमस्कार. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी रोजच्या खाण्यातून शंभरेक कॅलरी कमी करायला सांगितल्या आहेत, आणि सुरुवात तेलापासून करा म्हणाले. आमच्या घरात तीन तेलं आहेत. माझं माहेर गुहागरचं, म्हणून खोबरेल. सासर सोलापूरचं, म्हणून शेंगदाणा तेल. आणि शेजारच्या बंगाली काकूंमुळे गेल्या वर्षीपासून मासे मोहरीच्या तेलात.

काल तिन्ही बाटल्या ओट्यावर ओळीने मांडून लेबलं वाचली. शेंगदाणा तेल ९००, खोबरेल ९००, मोहरीचं तेल ८१९. म्हणजे शंभराला ऐंशी कॅलरी कमी. मग सगळा स्वयंपाक मोहरीच्या तेलात केला तर काम होईल ना? सासूबाईंचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात खोबरेल सगळ्यात हलकं, ते अंगाला लागत नाही. आम्ही तिघंच आहोत घरात, बदल करायचा तर लगेच करता येईल. कोणाला नक्की माहिती आहे का?

अण्णा_घाणेवाले | २ डिसेंबर

ताई, तेल कुठलं यापेक्षा काढलं कसं ते बघा. माझा सांगलीजवळ लाकडी घाणा आहे. घाण्याचं शेंगदाणा तेल आणि पिशवीतलं रिफाइंड यात जमीन-अस्मानाचा फरक. घाण्याचं तेल तापत नाही, त्यामुळे ते पचायला हलकं आणि त्यात कॅलरीही कमी. गिऱ्हाईक स्वतः येऊन सांगतात की रिफाइंड सोडल्यावर पोट हलकं वाटायला लागलं. मोहरीच्या मागे लागू नका, आपल्या मातीत पिकतं ते खा.

केदार_७१ | २ डिसेंबर

मी स्वतःचा अनुभव सांगतो. दीड वर्षापूर्वी एका व्हिडिओवरून सकाळच्या कॉफीत दोन चमचे खोबरेल घालायला लागलो. चार महिन्यांनी तपासणी केली तर एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, १२८ वरून १६१. कॉफीतलं खोबरेल बंद केलं, बाकी काही बदललं नाही, तीन महिन्यांनी १३३. तेव्हा खोबरेलापासून लांब राहा.

सुमेधा_पुणे | २ डिसेंबर

केदारजी, धन्यवाद, पण माझा प्रश्न कोलेस्टेरॉलचा नव्हता, कॅलरींचा होता. ह्यांचं कोलेस्टेरॉल ठीक आहे.

नीलिमा_प्र | ३ डिसेंबर

सुमेधा, मोहरीच्या तेलाची बाटली परत एकदा हातात घे आणि ८१९ च्या वर काय लिहिलंय ते वाच. माझा अंदाज, तिथे "१०० मिली मागे" असेल. आणि बाकी दोन बाटल्यांवर "१०० ग्रॅम मागे".

मी चौदा वर्षं खाद्यतेलाच्या प्रयोगशाळेत काम केलं आहे आणि हा गोंधळ दर महिन्याला कोणीतरी घेऊन यायचं. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं बघ. म्हणजे १०० मिली तेल भरतं ९१ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी. ९१ गुणिले ९ म्हणजे ८१९. तुझ्या मोहरीच्या तेलात काहीही कमी नाही, फक्त कंपनीने माप वेगळं धरलंय. शेंगदाणा तेलाच्या बाटलीवर मिलीचा हिशोब छापला असता तर तिथेही हाच आकडा आला असता.

असं होण्याचं कारण साधं आहे. तेलात पाणी नाही, पीठ नाही, साखर नाही, प्रथिनं नाहीत. सगळी चरबीच. दुधात पाणी कमी-जास्त असतं म्हणून म्हशीच्या आणि गाईच्या दुधाच्या कॅलरी वेगळ्या येतात. तेलात ती जागाच नाही. त्यामुळे चहाचा सपाट चमचा, म्हणजे ५ मिली, साडेचार ग्रॅमच्या आसपास, चाळीस-एक्केचाळीस कॅलरी. नारळ असो, मोहरी असो, शेंगदाणा असो, करडई असो.

सुमेधा_पुणे | ३ डिसेंबर

बघितलं. अगदी तसंच आहे! "१०० मिली मागे". मी फक्त आकडे वाचले होते.

मानवा_एनजे | ३ डिसेंबर

मी न्यू जर्सीत असते. इथल्या सरकारी तक्त्यात मोठ्या चमच्याला शेंगदाणा तेल ११९, खोबरेल जुन्या तक्त्यात ११७ आणि नव्यात १२१, मोहरीचं १२४ असं दिलंय. म्हणजे फरक आहेच की, आणि मोहरीचं उलट सगळ्यात जास्त. शिवाय इथे मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं छापलेलं असतं. खाण्यासाठी विकायची परवानगीच नाही. मग भारतात लोक ते कसं खातात?

नीलिमा_प्र | ३ डिसेंबर

मानवा, त्याच तक्त्यात कॅलरींच्या शेजारी चमच्याचं वजन दिलेलं असतं. शेंगदाणा तेलाला साडेतेरा ग्रॅम, मोहरीच्या तेलाला १४. कोणीतरी मोहरीचा चमचा पूर्णांकात धरला, एवढाच तो पाच कॅलरींचा फरक. १०० ग्रॅमच्या रकान्यात दोघांचा आकडा एकच आहे, ८८४.

खोबरेलाची गोष्ट मात्र थोडी खरी आहे. त्यातली मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते ते घटक, लांबीने आखूड असतात आणि आखूड मेदाम्लं जळताना वजनाच्या मानाने किंचित कमी ऊर्जा देतात. हा फरक चहाच्या चमच्यामागे एक-दोन कॅलरींचा. दिवसभरात सहा चमचे तेल खाल्लं तरी त्यात पोळीचे दोन घासही बसणार नाहीत. आपल्याकडची लेबलं सरळ ९ नेच गुणतात, त्यात काही चूक नाही.

बाटलीवरच्या "फक्त बाहेरून" या सूचनेचा कॅलरींशी संबंध नाही. मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल नावाचं मेदाम्ल भरपूर असतं, पारंपरिक वाणांत चाळीस टक्क्यांच्या वरही. उंदरांना ते भरपूर खाऊ घातल्यावर हृदयाच्या स्नायूत चरबी साचलेली दिसली, म्हणून तिकडे बंदी. माणसांत तसं दाखवता आलेलं नाही, आणि अर्धा उत्तर भारत ते पिढ्यान्‌पिढ्या खातोय. मी स्वतः ते अधूनमधून खाते, पण घरातलं एकमेव तेल म्हणून ठेवणार नाही.

दत्ता_देवगड | ४ डिसेंबर

नीलिमाताई, तुम्ही खोबरेलाला जरा घाईत निकालात काढलंत. त्यात एमसीटी, म्हणजे मध्यम लांबीच्या मेदाम्लांची चरबी असते. ते यकृतात थेट जातं आणि लगेच जळतं, चरबी म्हणून साठत नाही. हे मी कुठल्या व्हिडिओवरून सांगत नाही, हॉस्पिटलात रुग्णांना एमसीटी देतात ते माझ्या वहिनीने स्वतः दिलंय, ती नर्स आहे. माझे आजोबा ९१ वर्षं जगले, आयुष्यभर खोबरेल आणि ओलं खोबरं. पोट कधी सुटलं नाही. सुमेधाताईंच्या सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे.

नीलिमा_प्र | ४ डिसेंबर

दत्ताजी, वहिनी म्हणतात ते एमसीटीबद्दल बरोबर आहे, पण ती बाटली आणि खोबरेलाची बाटली एक नव्हे. हॉस्पिटलातलं एमसीटी तेल खोबरेलातून किंवा पाम कर्नेल तेलातून वेगळं काढलेलं असतं, त्यात आठ आणि दहा कार्बनची मेदाम्लं असतात. आपल्या खोबरेलात ती साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच. जवळजवळ अर्धं खोबरेल म्हणजे लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं. कागदावर त्यालाही कधीकधी मध्यम लांबीचं म्हणतात, आणि सगळी जाहिरात त्या एका शब्दावर उभी आहे. शरीरात मात्र लॉरिकचा मोठा भाग थेट यकृतात न जाता शेंगदाणा तेलासारखाच लसिकेच्या वाटेने रक्तात जातो. आणि शुद्ध एमसीटी घेतलं तरी त्यातही ग्रॅमला आठच्या वर कॅलरी असतातच, त्या कुठे नाहीशा होत नाहीत.

केदारजींचा अनुभव मूळ प्रश्नाला धरून नसला तरी इथे कामाचा आहे. २०२० साली बऱ्याच चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी दहाच्या आसपास वाढलं. चांगलं समजलं जाणारं एचडीएलही थोडं वाढलं. खोबरेलातली चरबी जवळपास ९० टक्के संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या प्रकारची असते, शेंगदाणा तेल वीस टक्क्यांच्या आत, मोहरीचं त्याहूनही कमी. तेलं एकमेकांपासून वेगळी आहेत ती इथे. वजनाच्या काट्यावर हा फरक दिसत नाही, रक्ताच्या तपासणीत दिसतो. "हेल्दी तेल" म्हटलं की लोक या दोन गोष्टी एकत्र करतात, आणि तेल चांगलं म्हणून हात सैल सोडतात. माझी सगळी तक्रार त्या सैल हाताबद्दल आहे.

दत्ता_देवगड | ४ डिसेंबर

एचडीएल पण वाढतं ना, मग? आणि या चाचण्यांत कोकणातली किती माणसं होती? आजोबा माडावर चढायचे, मासे खायचे, तळलेलं सणालाच. फक्त तेल बाजूला काढून त्याला दोष कसा देता येईल?

नीलिमा_प्र | ४ डिसेंबर

एचडीएल वाढल्याने एलडीएलचं नुकसान भरून निघतं का, याबद्दल मला शंका आहे. पण आजोबांचं तेल त्यांच्या माडापासून आणि माशांपासून वेगळं काढता येत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. त्यामुळेच आजोबांच्या ९१ वर्षांचं श्रेयही खोबरेलाला देता येणार नाही.

अण्णा_घाणेवाले | ५ डिसेंबर

मॅडम, मग घाण्याच्या तेलाचं काय? आम्ही सांगतो ते खोटं का?

नीलिमा_प्र | ५ डिसेंबर

अण्णा, खोटं नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. घाण्याच्या तेलाला वास आहे, चव आहे, ते मला रिफाइंडपेक्षा फार आवडतं. पण त्यातला गाळ आणि ओलावा मिळून एक टक्काही भरत नाही. बाकीचं सगळं तेलच. कॅलरी कमी होणार कुठून? तेल तापवल्याने कॅलरी वाढत नाहीत आणि न तापवल्याने कमी होत नाहीत.

तुम्हाला मात्र एक विचारायचं आहे. दाणे घाण्यात टाकण्याआधी निवडता का? बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफलाटॉक्सिन हे विष घाण्याच्या तेलात उतरू शकतं. रिफायनरीत अल्कलीची प्रक्रिया आणि ब्लीचिंगची माती यांनी ते निघून जातं, घाण्यात तशी पायरी नाही.

अण्णा_घाणेवाले | ५ डिसेंबर

निवडतो तर! काळपट, सुरकुतलेला, खवट वासाचा दाणा बाजूला. माझ्याकडे दोन बायका फक्त त्याच कामाला आहेत. पावसात भिजलेला माल मी घेतच नाही, मग स्वस्तात मिळाला तरी. पण तुम्ही म्हणता ते सगळे करत नाहीत, हे खरं आहे. शेजारच्या गावात एक जण फुटका माल सरसकट टाकतो. तेल काढल्यावर ओळखता येत नाही, दाणा बघूनच ओळखावं लागतं. गिऱ्हाइकाने घाण्यावर यावं आणि पोत्यात हात घालून बघावं.

कॅलरीचं पटलं. पण माझं एक म्हणणं कायम. घाण्याचं तेल थोडं घातलं तरी भाजीला चव येते, म्हणून ते कमी लागतं.

प्रवीण_कोलकाता | ६ डिसेंबर

अण्णांच्या शेवटच्या वाक्यावर. मी बावीस वर्षं कोलकात्यात आहे. मोहरीच्या तेलाबद्दलही हेच ऐकलं होतं, झणझणीत असतं म्हणून कमी लागतं. इथे उलटं पाहिलं. इथे लोक ते कच्चं खातात, कारण तो नाकात जाणारा झणका त्यांना हवा असतो. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कच्चं मोहरीचं तेल, कांदा, मिरची. मुढीवर, म्हणजे कुरमुऱ्यांवर, कच्चं तेल. इलिश माशाच्या रश्शावर शेवटी वरून परत तेल. चव आवडली की हात सैलच होतो.

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या बियांची भेसळ झाली होती आणि साठच्या वर माणसं गेली. त्या धास्तीने आमच्या घरात तेव्हापासून सुटं तेल आणत नाहीत, फक्त सीलबंद.

नीलिमा_प्र | ६ डिसेंबर

प्रवीण, ती भेसळ पिवळ्या धोतऱ्याची, म्हणजे आर्जिमोनीची होती. आपला नेहमीचा पांढऱ्या फुलांचा धोतरा वेगळा. पिवळ्याचं बी मोहरीसारखंच दिसतं.

सुमेधा, आता तुझ्या मूळ कामाकडे येऊ. तुझ्या घरात माणशी किती तेल लागतं हे तुला माहीत आहे का?

सुमेधा_पुणे | ६ डिसेंबर

भाजीला दोन चमचे, आमटीला एक, पोळ्यांना थोडं. दिवसाला तिघांत मिळून बारा-तेरा चमचे असतील.

नीलिमा_प्र | ६ डिसेंबर

कुठला चमचा? चहाचा की पोह्यांचा? आणि सपाट की ओसंडून?

असं कर. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो, त्यावर एक चमचा तेल मोजलंस तर चार की पाच हेच कळणार नाही. वाटी ठेव, काटा शून्यावर आण, दहा चमचे ओत आणि दहाने भाग. हे झालं तुझ्या चमच्याचं माप.

मग ज्या भांड्यातून तेल घेतेस, कावळा असेल किंवा डबी, ते सोमवारी सकाळी भरून तोल आणि पुढच्या सोमवारी परत तोल. मध्ये भर घातलीस तर तेवढं लिहून ठेव. चमचे मोजायचे नाहीत, कारण मोजताना माणूस आपोआप कमी घालतो. प्रत्येक आठवड्याला एकच तेल ठेव.

मानवा_एनजे | ७ डिसेंबर

मीही करून बघते. इथे बाटल्यांवर हृदयाचं चित्र आणि "कोलेस्टेरॉल नाही" असं ठळक असतं, मी तेच बघून घ्यायचे.

नीलिमा_प्र | ७ डिसेंबर

वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. खोबरेलाच्या बाटलीवरही ते छापता येईल.

सुमेधा_पुणे | २९ डिसेंबर

तीन आठवडे झाले. आकडे आहेत तसे देते.

आधी चमचा. मी ज्याला चमचा म्हणत होते तो पोह्यांचा निघाला, सपाट भरला तर ९ ग्रॅम. म्हणजे चहाचे दोन.

पहिला आठवडा शेंगदाणा तेल, ८१२ ग्रॅम गेलं. दुसरा आठवडा मोहरीचं, ७९८. तिसरा आठवडा खोबरेल, ९०५. घरात तिघंच, पाहुणे कोणी नव्हते, भाज्याही साधारण त्याच. शेंगदाणा तेलाच्या आठवड्याचा हिशोब माणशी दिवसाला जवळजवळ ३९ ग्रॅम, म्हणजे ३५० कॅलरी. एवढं तेल आम्ही खातो यावर सासूबाईंचा विश्वास बसेना, त्यांनी स्वतः काटा परत लावून बघितला.

खोबरेल शंभर ग्रॅमने जास्त का गेलं, हे पहिले दोन दिवस कळेना. मग लक्षात आलं. पुण्यात सध्या पहाटे चांगलीच थंडी आहे, खोबरेल डबीत थिजलेलं असतं. ते ओतता येत नाही, चमच्याने खरवडून काढते आणि चमच्यावर ढीग येतो. चहाचे दहा ढीग तोलले, ७८ ग्रॅम भरले. पातळ असतं तर ४५ भरले असते.

नीलिमा_प्र | २९ डिसेंबर

हे फार छान पकडलंस. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. बरणी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव आणि पातळ झालं की माप.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. त्यात तूपही आलं, हे विसरू नकोस. एकाच तेलावर न राहता दोन-तीन आलटून-पालटून वापरा असंही तिथे सांगितलेलं आहे, म्हणजे तुझ्या तिन्ही बाटल्या राहू देत.

सुमेधा_पुणे | ७ जानेवारी

चौथा आठवडा. शेंगदाणा तेलच, पण चहाच्या सपाट चमच्याने मोजून. फोडणीला पळी वापरायचं बंद केलं. ५६० ग्रॅम. माणशी २७ च्या जरा खाली. पहिल्या आठवड्यापेक्षा प्रत्येकाचं रोजचं बारा ग्रॅम तेल कमी, १०८ कॅलरी. डॉक्टरांनी सांगितलेल्या शंभर इथेच मिळाल्या. भरल्या वांग्याला मात्र चव आली नाही, ते ह्यांनी स्पष्ट सांगितलं. ती भाजी पंधरा दिवसांतून एकदा पहिल्यासारखी करायची असं ठरलंय.

केदार_७१ | ७ जानेवारी

छान! पण तळणाचं कसं मोजलंत? कढईत अर्धा लिटर तेल जातं, ते सगळं तर आपण खात नाही.

सुमेधा_पुणे | १२ जानेवारी

रविवारी पुऱ्या केल्या तेव्हा मोजलं. तेलासकट कढई आधी तोलली, आणि तळून झाल्यावर तेल पूर्ण गार झालं की परत. गरम कढई काट्यावर ठेवू नका, प्लॅस्टिक वितळेल. पुरीतलं पाणी वाफ होऊन जातं, ते कढईच्या वजनात येत नाही, त्यामुळे जे कमी झालं ते तेलच. वीस पुऱ्यांना ९६ ग्रॅम. झाऱ्याला आणि कागदाला लागलं तेवढं सोडलं तरी पुरीमागे साधारण चहाचा एक चमचा.

पुढच्या वेळी पीठ घट्ट भिजवून तेच मोजणार आहे. सासूबाई म्हणतात घट्ट पिठाची पुरी तेल कमी पिते.

अण्णा_घाणेवाले | १२ जानेवारी

सासूबाई बरोबर सांगतात ताई. आकडा आला की इथे टाका, मी गिऱ्हाइकांना सांगीन.